पासबुक हरवल्याचं पत्र

बँकेच्या शाखेत पासबुक हरवल्याची जी पत्रं येतात, त्यांतली बरीचशी दोन ओळींची असतात. ‘माझे पासबुक हरवले आहे. तरी दुसरे पासबुक व स्टेटमेंट मिळावे, ही विनंती.’ खाली सही, कधी कधी तारीखही नाही. यात चूक काही नाही, पण एवढ्यावर काउंटरमागच्या माणसाला काम करता येत नाही. स्टेटमेंट कुठल्या काळाचं हवं? साधं छापील चालेल, की सही-शिक्क्याचं? कुठे दाखवायचंय? पासबुक हरवलं कधी, आणि त्याच्याबरोबर चेकबुकही गेलं का? मग हे सगळं तोंडी विचारलं जातं, तोंडी उत्तरं मिळतात, त्यातलं निम्मं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि आठवड्याने हातात कागद पडतो तो नको असलेला.

पत्र लिहायला बसण्याआधी एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सोपं होतं. पासबुक म्हणजे तुमच्या खात्याची मूळ नोंद नव्हे. मूळ नोंद बँकेकडे असते. पूर्वी ती जाड खातेवह्यांत असायची, आता संगणकात असते. पासबुक ही त्या नोंदीची तुम्हाला दिलेली नक्कल. म्हणून ते हरवलं तरी पैसे जागेवर असतात, हिशेबही जागेवर असतो. मुदत ठेवीची पावती हरवली, तर बँक बहुधा नुकसानभरपाईचं हमीपत्र मागते, तेही स्टॅम्प पेपरवर. पासबुकाच्या बाबतीत बहुतेक बँका एवढं ताणत नाहीत, ते याच कारणाने. नक्कल पुन्हा काढून देण्यात बँकेला एकच धास्ती असते, ती म्हणजे मागणारा माणूस खरोखर खातेदार आहे ना. शाखेतली सगळी विचारपूस, सही पडताळणं, आधार कार्ड पाहणं, या एका प्रश्नाभोवती फिरतं.

तरीपण हरवलेलं पासबुक अगदीच निरुपद्रवी नसतं. बऱ्याच बँकांत विड्रॉल स्लिपवर पैसे काढायचे तर पासबुक सोबत द्यावं लागतं. म्हणजे ज्याच्या हाती तुमचं पासबुक आहे आणि जो तुमची सही वठवू शकतो, त्याने अर्धा रस्ता पार केलेला असतो. दुसरी बाब बारकोडची. पासबुक छापायची जी यंत्रं बँकांनी शाखेबाहेर बसवली आहेत, ती पासबुकावर चिकटवलेला बारकोड वाचून नोंदी छापतात. बऱ्याच यंत्रांना पिन लागत नाही की ओटीपी लागत नाही. पासबुक आत सरकवलं की झालं. सापडलेलं पासबुक कुणी अशा यंत्रात घातलं, तर त्याला तुमचे पैसे मिळणार नाहीत, पण पेन्शन किती येते, कधी येते आणि आज खात्यात किती शिल्लक आहे हे सगळं कळेल. फोनवरून फसवणाऱ्याला एवढी माहिती पुष्कळ झाली. ‘तुमची एवढी पेन्शन अमुक तारखेला जमा झाली ना?’ असं सुरुवातीलाच कुणी बरोबर सांगितलं, की माणूस त्याला बँकेचाच समजतो.

म्हणून पत्रात नवीन पासबुक मागण्याच्या आधी जुनं हरवल्याची खबर द्यायची. हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळं वाक्य हवं: अमुक तारखेला पासबुक गहाळ झालं, त्यावरचा बारकोड बंद करावा आणि त्या पासबुकाच्या आधारे कुणी व्यवहार करू पाहिल्यास तो करू देऊ नये. पत्रावर बँकेचा शिक्का पडला, की त्या दिवसापासून बँकेला ही गोष्ट माहीत होती हे कागदावर येतं.

तुमची सही खोटी करून कुणी पैसे काढलेच, तर कायदा मुळात खातेदाराच्या बाजूने आहे. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली हे नीट स्पष्ट केलं. कंपनीच्या खात्यातून खोट्या सहीचे 42 चेक काही वर्षांत वटले होते आणि तीन लाखांवर रक्कम गेली होती. बँकेचं म्हणणं असं, की खात्याचा तपशील कंपनीला वेळोवेळी मिळत होता, तिने तो तपासला नाही, हरकत घेतली नाही, तेव्हा जबाबदारी तिची. न्यायालयाने ते मानलं नाही. खोटी सही म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे, आणि आदेश नसताना बँकेने पैसे दिले तर ते तिने स्वतःच्या जोखमीवर दिले, असा त्या निकालाचा गाभा. पण निकाल बाजूने असणं वेगळं आणि निकालापर्यंत जावं लागणं वेगळं. हरवल्याची वेळीच दिलेली लेखी खबर तो रस्ता पुष्कळ आखूड करते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तासगावच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. पेन्शनचं खातं गावातल्याच शाखेत, एकटीच्या नावावर. विट्याहून एसटीने येताना त्यांची कापडी पिशवी गाडीत राहिली. पिशवीत पासबुक, चष्मा आणि थोडे पैसे. डेपोत चौकशी केली, पिशवी मिळाली नाही. एरवी बाई शाखेत जाऊन नवं पासबुक मागून मोकळ्या झाल्या असत्या. पण मुलासाठी पुण्यात घेतलेल्या फ्लॅटचा त्यांचा बिल्डरशी वाद चालू आहे. मार्च 2019 मध्ये बाईंनी त्याला तीन लाखांचा चेक दिला होता आणि तो म्हणतो, ही रक्कम आम्हाला पोचलीच नाही. प्रकरण महारेराकडे न्यायचं ठरलंय. त्या चेकची नोंद नेमकी याच पासबुकात होती.

बाईंच्या मनात आलेला पहिला मजकूर असा: ‘खाते सुरू झाल्यापासून आजपर्यंतचे संपूर्ण स्टेटमेंट मिळावे.’ सगळं मागितलं की काही राहणार नाही, हा त्यामागचा विचार. व्यवहारात याने काम अडतं. खातं समजा सतरा वर्षांचं आहे आणि महिन्याला सरासरी दहा नोंदी होतात. म्हणजे दोन हजारांवर नोंदी. स्टेटमेंटच्या पानावर साधारण चाळीस नोंदी धरल्या, तर पन्नासहून जास्त पानं. जुन्या नोंदींच्या छपाईला बँका सहसा पानामागे शुल्क लावतात. ते पन्नास रुपये धरलं तर अडीच हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी. शिवाय एवढ्या जुन्या नोंदी शाखेच्या संगणकावर सहज येत नाहीत, त्या बँकेच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून मागवाव्या लागतात. बाईंना हवी आहे ती फक्त एक नोंद. मार्च आणि एप्रिल 2019 या दोन महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं, तर ते एका पानात बसतं. एप्रिल कशाला? चेक मार्चअखेर दिला असेल तर तो वटेपर्यंत एप्रिल उजाडू शकतो, म्हणून.

रोजच्या वापरासाठी हवं ते स्टेटमेंट वेगळं. चालू आर्थिक वर्षाचं, म्हणजे एक एप्रिलपासून आजपर्यंतचं साधं स्टेटमेंट असलं की हरवलेल्या पासबुकातल्या अलीकडच्या नोंदी पुन्हा हातात येतात आणि प्राप्तिकराचा हिशेब करायलाही ते पुरतं. हे स्टेटमेंट नेट बँकिंग किंवा बँकेच्या अ‍ॅपवरून फुकट उतरवून घेता येतं. ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांनी पत्रात ते मागूच नये, शाखेतलं एक काम कमी होतं.

पण वादासाठी दोन महिन्यांचं स्टेटमेंट तरी पुरेल का? इथे बहुतेकांची गफलत होते. स्टेटमेंटवरची नोंद सांगते, की अमुक तारखेला अमुक क्रमांकाचा चेक क्लिअरिंगमधून वटला आणि तीन लाख रुपये खात्यातून गेले. ते कुणाला गेले, हे ती दर वेळी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने 2017 साली बँकांना बजावलं होतं, की पासबुकात आणि स्टेटमेंटमध्ये त्रोटक नोंदी नकोत. पैसे कुणाला गेले, कोणत्या मार्गाने गेले, चेकचा क्रमांक काय, हे लिहा. तरीही ‘क्लिअरिंग’ एवढ्याच शब्दावर भागवलेल्या नोंदी आजही दिसतात. बिल्डर सरळ म्हणेल, गेले असतील तीन लाख, पण माझ्याकडे आले कशावरून?

याचं उत्तर चेकमध्ये आहे. आता चेक एका बँकेतून दुसऱ्या बँकेत प्रत्यक्ष हिंडत नाहीत. ज्या बँकेत चेक भरला, तिथे त्याची प्रतिमा काढली जाते आणि ती प्रतिमाच पैसे देणाऱ्या बँकेकडे जाते. मूळ कागद चेक भरला त्या बँकेकडे राहतो आणि तिने तो दहा वर्षं जपायचा असतो. खातेदाराने मागितलं, तर त्याची बँक वटलेल्या चेकची प्रतिमा साक्षांकित करून देऊ शकते. त्या प्रतिमेवर बिल्डरचं नाव असतं, बाईंची सही असते आणि चेक ज्या बँकेत भरला तिचा शिक्काही असतो. म्हणून बाईंच्या पत्रात पासबुक आणि स्टेटमेंट यांच्या जोडीला ही मागणी हवीच. माझ्या मते त्यांच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच.

हे सगळं धरून पत्र असं होईल:

दिनांक : 10 नोव्हेंबर 2025

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), तासगाव शाखा.

विषय : बचत खाते क्र. (पूर्ण क्रमांक) – पासबुक गहाळ झाल्याची सूचना, डुप्लिकेट पासबुक, स्टेटमेंट व वटलेल्या चेकची प्रतिमा मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या शाखेत माझे वरील क्रमांकाचे पेन्शन जमा होणारे बचत खाते आहे. खाते माझ्या एकटीच्या नावावर आहे.

दिनांक 7 नोव्हेंबर 2025 रोजी विटा ते तासगाव या एसटी प्रवासात माझे पासबुक गहाळ झाले. शोध घेऊनही ते मिळाले नाही. पासबुकासोबत चेकबुक किंवा एटीएम कार्ड हरवलेले नाही. कृपया या गहाळ पासबुकाची नोंद घ्यावी, त्यावरील बारकोड बंद करावा व त्या पासबुकाच्या आधारे कोणताही व्यवहार होऊ देऊ नये.

मला पुढील गोष्टी मिळाव्यात, ही विनंती.

या खात्याचे डुप्लिकेट पासबुक. त्याच्या पहिल्या पानावर माझा सध्याचा पत्ता व नामनिर्देशन नोंदविल्याचा उल्लेख असावा.

दिनांक 1 मार्च 2019 ते 30 एप्रिल 2019 या काळाचे प्रमाणित स्टेटमेंट. ते महारेरापुढील तक्रारीत सादर करावयाचे असल्याने बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, 1891 नुसार आवश्यक प्रमाणपत्रासह द्यावे.

मार्च 2019 मध्ये मी दिलेल्या रु. 3,00,000 च्या चेकची साक्षांकित प्रतिमा. चेक क्रमांक पासबुकासोबत गेल्याने माझ्याकडे नाही. तो वरील स्टेटमेंटवरून मिळेल.

या सेवांचे नियमानुसार शुल्क माझ्या खात्यातून वजा करावे. जुने पासबुक सापडल्यास ते मी शाखेत आणून देईन.

सोबत : आधार कार्डाची (पहिले आठ अंक झाकलेली) व पॅन कार्डाची स्वसाक्षांकित प्रत.

आपली विश्वासू,
(बँकेत नोंद असलेली सही)
(नाव, पत्ता, बँकेत नोंदवलेला मोबाईल क्रमांक)

पत्र मराठीत लिहिलं म्हणून शाखेने नाकारण्याचं कारण नाही. ग्राहक वापरतात ती छापील कागदपत्रं इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत ठेवायला रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. काही शाखा छापील अर्ज पुढे करतात आणि पत्र नको म्हणतात. अर्ज भरून द्यावा, त्याला पत्र जोडावं. छापील अर्जात ‘पासबुक हरवले’ या चौकटीवर खूण करायला जागा असते. चेकची प्रतिमा कशाला हवी आणि प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखाली, हे लिहायला नसते.

पत्रात काही गोष्टी मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. एटीएम कार्डाचा क्रमांक, पिन, नेट बँकिंगचा पासवर्ड यांची या कामाला कधीच गरज पडत नाही. आधार कार्डाच्या प्रतीवर आडवं ‘केवळ डुप्लिकेट पासबुकसाठी’ असं लिहून सही करावी, म्हणजे ती प्रत दुसऱ्या कामाला लागत नाही. आणि डुप्लिकेट पासबुकासाठी इंटरनेटवर बँकेचा फोन नंबर शोधू नये. पहिल्याच पानावर भामट्यांचे नंबर सापडल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

पोलिसांचा दाखला लागतो का, असं हमखास विचारलं जातं. नुसत्या पासबुकासाठी बहुतेक बँका तो मागत नाहीत. वस्तू गहाळ झाली म्हणजे गुन्हा घडला असं नव्हे, त्यामुळे पोलीस ठाण्यातही एफआयआर होत नाही, गहाळ झाल्याची नोंद होते आणि तिची प्रत मिळते. शाखेने मागितलीच तर ही प्रत पुरते. पिशवी चोरली गेली असेल, चेकबुकही गेलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे तक्रार करावीच, आणि पत्राची वाट न पाहता आधी बँकेच्या पासबुकावर नव्हे तर कार्डामागे किंवा शाखेच्या फलकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून उरलेले चेक थांबवावेत.

शाखेत अडतं ते मुख्यतः सहीपाशी. पेन्शनच्या खात्याला सतरा वर्षं झाली, तेव्हाची सही झोकदार होती, आता हात कापतो. अधिकारी संगणकावरचा नमुना पाहतो आणि मान हलवतो. अशा वेळी घरून सही करून आणलेल्या पत्रापेक्षा अधिकाऱ्यासमोर केलेली सही बरी. सही जुळतच नसेल, तर आधी सही बदलल्याचा अर्ज द्यावा आणि नवा नमुना नोंदवावा. ते न करता पासबुक मिळालं, तरी पुढे पैसे काढताना तोच प्रश्न उभा राहणार. सही करणंच शक्य नसेल, तर अंगठा चालतो. आजारी किंवा वृद्ध खातेदाराच्या अंगठ्यावर दोन साक्षीदारांनी ओळख द्यायची असते आणि त्यांतला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. खातं जोडनावाचं असेल, तर व्यवहाराची पद्धत कोणती आहे ते पाहावं. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी असेल तर एकाची सही पुरते; ‘दोघांनी मिळून’ असेल तर पत्रावर दोघांच्या सह्या हव्यात. मुलगा किंवा सून पत्र घेऊन गेली, तर पत्र घेतलं जाईल, पण स्टेटमेंट त्यांच्या हाती द्यायला शाखा कचरते. खात्याची माहिती गुप्त ठेवणं हे तिचं कर्तव्य आहे, त्यात आडमुठेपणा नाही.

दुसरी अडचण खातं निष्क्रिय असण्याची. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नसेल, तर खातं निष्क्रिय धरलं जातं. व्याज जमा होत राहतं, पण ते तुम्ही केलेल्या व्यवहारात धरत नाहीत. अशा खात्यासाठी आधी केवायसीची कागदपत्रं देऊन ते चालू करून घ्यावं लागतं. त्यासाठी बँकेने शुल्क घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक शाखेत राहते, दुसरीवर पोच घ्यायची: शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही. ‘इथे पोच देत नाही’ असं ऐकून परत येऊ नये. तेच पत्र स्पीड पोस्टाने किंवा नोंदवलेल्या ईमेलवरून शाखेच्या ईमेलवर पाठवलं, तरी तारखेचा पुरावा राहतो. शुल्काबद्दल थोडं. खातेदाराला पासबुक देण्याचा खर्च त्याच्याकडून घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने 2006 साली सांगितलं, पण हरवलेल्याच्या बदल्यात द्यायच्या पासबुकाला बँका शुल्क लावतात. ते बँकेगणिक वेगळं असतं, शंभर रुपयांच्या आसपास, अधिक जीएसटी. शाखेतल्या फलकावर किंवा बँकेच्या संकेतस्थळावर दरपत्रक असतं, ते पाहूनच जावं.

नवं पासबुक सहसा त्याच दिवशी मिळतं. ते हातात आल्यावर शाखेतच उघडून पाहावं. त्यावर ‘डुप्लिकेट’ असं लिहिलेलं किंवा शिक्का मारलेला असतो. नाव, पत्ता, शाखेचा आयएफएससी क्रमांक नीट आहे का, नामनिर्देशन नोंदवल्याचा उल्लेख आहे का, हे बघावं. शिष्यवृत्ती, भविष्य निर्वाह निधी, सरकारी योजना, सगळीकडे याच पानाची झेरॉक्स द्यावी लागते आणि त्यातली एक अक्षराची चूक पुढे दहा ठिकाणी भोवते. आतल्या पानावर मात्र पुष्कळांची निराशा होते, कारण जुन्या नोंदी तिथे नसतात. नवं पासबुक बहुधा त्या दिवशीच्या शिलकेपासून किंवा शेवटी छापलेल्या नोंदीच्या पुढून सुरू होतं. वर्षभर पासबुक छापून घेतलं नसेल, तर मधल्या नोंदी एकत्र करून एकाच ओळीत बेरीज छापलेलीही आढळते. मागच्या नोंदी हव्या असतील, तर त्या स्टेटमेंटमधूनच मिळणार. पत्रात काळ स्पष्ट लिहायचा तो यासाठीच.

बाईंच्या 2019 च्या स्टेटमेंटला मात्र वेळ लागेल. काळा पैसा रोखण्याच्या कायद्यानुसार बँकांना व्यवहारांच्या नोंदी व्यवहाराच्या तारखेपासून किमान पाच वर्षं ठेवाव्या लागतात. ती मुदत संपली म्हणून नोंदी लगेच पुसल्या जातात असं नाही. त्या संगणकाच्या जुन्या साठ्यात असतात आणि तिथून मागवता येतात. पण काउंटरवरचा कर्मचारी त्याच्या पडद्यावर त्या दिसत नाहीत म्हणून ‘एवढं जुनं मिळत नाही’ असं सांगतो. तेव्हा वाद न घालता ‘मध्यवर्ती कार्यालयाकडे विनंती पाठवावी आणि नोंदी नसल्यास तसे लेखी कळवावे’ असं पत्रावरच लिहून द्यावं. लेखी नकार देण्यापेक्षा शोधून देणं बँकेला सोपं जातं, असं पुष्कळदा दिसतं.

बँक विलीन झाली असेल तर शोध आणखी लांबतो. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट बँक कॅनरात आणि आंध्र व कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये गेल्या त्या 1 एप्रिल 2020 रोजी. अशा विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलतात, कित्येकांचे खाते क्रमांकही बदलतात. जुना व्यवहार जुन्या क्रमांकाखाली नोंदलेला असतो. म्हणून अशा खातेदाराने पत्रात नवा आणि जुना, दोन्ही खाते क्रमांक द्यावेत. जुना माहीत नसेल तर एखादा जुना चेक, विम्याची पावती किंवा पेन्शनचा आदेश यावर तो बहुधा सापडतो.

प्रमाणपत्राचा आग्रह कशासाठी, तेही पाहू. शाखेने स्टेटमेंट छापून त्यावर गोल शिक्का मारून दिला, की लोक त्याला प्रमाणित समजतात. व्हिसासाठी, कर्जासाठी ते चालतं. वादात पुरावा म्हणून द्यायचं असेल, तर 1891 च्या कायद्याप्रमाणे खाली ठरावीक मजकूर लागतो: ही नोंद बँकेच्या नेहमीच्या वह्यांमधली आहे, ती नेहमीच्या कामकाजात झालेली आहे आणि ती वही बँकेच्याच ताब्यात आहे. खाली तारीख आणि व्यवस्थापकाची नाव-हुद्द्यासह सही. संगणकावरून काढलेली प्रत असल्याने संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्याचंही एक प्रमाणपत्र सोबत लागतं. शाखेत हे काम क्वचितच येतं. नवख्या व्यवस्थापकाला ते माहीत नसतं. बाईंनी वकिलाकडून मजकुराचा नमुना घेऊन तो पत्राला जोडला, तर काम लवकर होईल.

पत्र देऊन तीस दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर समाधानकारक नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. cms.rbi.org.in या संकेतस्थळावर ती फुकट नोंदवता येते, वकील लागत नाही. तीस दिवस मोजायचे ते पोचेवरच्या तारखेपासून. पोच नसेल तर मोजायला सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न पडतो.

वर जे लिहिलं ते बँकेला लागू. गावोगावच्या पतसंस्थांची, विशेषतः पिग्मीच्या खात्यांची गोष्ट निराळी आहे. पिग्मीचा एजंट रोज दुकानात येऊन पन्नास-शंभर रुपये घेतो आणि पुस्तिकेत आकडा लिहून सही करतो. ती रक्कम संस्थेच्या वहीत चढते ती एजंट भरणा करेल तेव्हा. त्याने काही दिवसांचे पैसे भरलेच नसतील, तर दुकानदाराकडची पुस्तिका हाच त्या पैशांचा एकमेव पुरावा असतो. ती हरवली तर मूळ नोंद दुसरीकडे सुरक्षित आहे, असं म्हणता येत नाही. म्हणून तिथल्या पत्रात दुसरी पुस्तिका मागण्याआधी संस्थेच्या वहीतली आजची शिल्लक लेखी मागावी, स्वतःच्या आठवणीतली शेवटची शिल्लक आणि एजंटला शेवटचे पैसे दिल्याची तारीख लिहावी, आणि दोन आकड्यांत फरक निघाला तर एजंटच्या रोजच्या भरणा-तक्त्याशी तो पडताळून द्यावा असं मागावं. पत्र एजंटच्या हाती न देता संस्थेच्या कार्यालयात जाऊन द्यावं. आता बरेच एजंट हातातल्या छोट्या यंत्रावर पावती काढून देतात आणि मोबाईलवर संदेशही येतो. ते संदेश पुसलेले नसतील तर हरवलेल्या पुस्तिकेतल्या बहुतेक तारखा त्यातून जुळवता येतात, आणि त्यांची यादी पत्राला जोडता येते.